पाच किलोचं पाकीट आणि डोंबिवलीचा पावसाळा : घरातल्या हिशोबाच्या नोंदी

८ जून २०२५

आजपासून नोंदी सुरू. घरात चार माणसं : मी, नवरा, कॉलेजात जाणारी लेक आणि सासूबाई, म्हणजे आई. दर महिन्याच्या वाणसामानाला एकच वाद होतो. नवरा म्हणतो, मोठं पाकीट स्वस्त पडतं, किलोचा भाव पाकिटावरच छापलेला असतो. तो भाव खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मी कंपनीत स्टोअर्सला आहे. तिथे आलेला माल, वापरलेला माल आणि स्क्रॅपला गेलेला माल या तीन वेगळ्या नोंदी असतात. घरात आपण फक्त पहिली नोंद ठेवतो, आणि तीही बिल हरवेपर्यंतच.

मुख्य परीक्षा शेंगदाण्यांची. ते आमच्याकडे रोज लागतात आणि पावसाळ्यात बिघडतातही, म्हणून तेच निवडले. किराणा दुकानात एक किलोचं पाकीट १५० रुपयांना. मॉलमधून नवऱ्याने पाच किलोची पिशवी आणली, ६४० रुपयांना, म्हणजे १२८ रुपये किलो. पाच किलोमागे ११० रुपये वाचले असं बिल सांगतं.

आता उलटा हिशोब. याच ६४० रुपयांत एकेक किलोची पाकिटं घेतली असती तर किती दाणे आले असते? ६४० भागिले १५०, म्हणजे साधारण ४ किलो २६७ ग्रॅम. पाच किलोतले एवढे दाणे आमच्या पोटात गेले तर बरोबरी झाली. त्याहून कमी गेले तर मोठी पिशवी महाग पडली. पिशवीवर सूट १४.७ टक्के आहे, आणि नासाडीही १४.७ टक्क्यांपर्यंतच परवडते. हे सगळ्याच मालाला लागू पडतं : सूट जितके टक्के, तितकीच नासाडी ती सोसते. सूट पाच टक्के असेल तर शंभर ग्रॅममागे पाच ग्रॅम फुकट गेले की संपली.

९ जून

दाणे निवडायला बसलो. आई सोबत होत्या. मोठ्या पिशवीतून सुरकुतलेले, काळपट, किडके आणि तुकडे मिळून १४० ग्रॅम निघाले. हे सगळं पिशवीच्या माथी मारणं अन्यायाचं होईल, कारण छोट्या पाकिटातही निवडण निघतंच. म्हणून दुकानातलं एक किलोचं पाकीट आणून तेही निवडलं. त्यातून १५ ग्रॅम निघाले. म्हणजे छोट्या पाकिटातला खाण्याजोगा किलो खरा १५२ रुपयांच्या आसपास पडतो, आणि मोठ्या पिशवीची बरोबरीची रेघ ४ किलो २६७ वरून ४ किलो २०० वर येते. ठोकळ मानाने ८०० ग्रॅमची मुभा. त्यातले १४० पहिल्याच दिवशी गेले.

फुटलेले दाणे आणि अख्खे दाणे आईंनी वेगळे काढायला लावले. मी विचारलं, तुकडे का नकोत, कुटातच जाणार ना? त्या म्हणाल्या, "आधी संपव, ते आधी खवट होतात." बरोबर आहे. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. साल शाबूत असेपर्यंत ते आत झाकलेलं राहतं. साल निघालं किंवा दाणा फुटला की तेलाला हवा लागते आणि खवटपणा सुरू होतो. भाजल्यावर तर तो आणखी लवकर येतो. सगळ्यात जास्त टिकतात शेंगेतले दाणे, पण पाच किलो शेंगा ठेवायला आमच्याकडे गच्ची लागेल.

१० जून

साठवण ठरवली. जवळपास दोन किलो स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात. एक किलो हवाबंद बरणीत भरून फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात. ती बरणी शेवटपर्यंत उघडायची नाही. तुलनेसाठी राखून ठेवली आहे. उरलेले दाणे मूळ पिशवीतच, तोंडाला चिमटा लावून, ओट्याखाली. बहुतेक घरांत पिशवी अशीच ठेवली जाते, म्हणून तीही परीक्षेत हवी.

बरण्या नव्या घेतल्या, पण त्यांचे पैसे दाण्यांवर लावलेले नाहीत. त्या वर्षानुवर्षं राहतील. जागेचा मात्र विचार करायला हवा. फ्रीजमधला तो कप्पा दाण्यांनी घेतल्यामुळे दही लावायचं पातेलं वर गेलं आणि भाजी एका पिशवीत कोंबली गेली. याला रुपयांत आकडा लावता येत नाही, म्हणून लावत नाही. कोंबलेली कोथिंबीर दोन दिवस आधी सडली, एवढं लिहून ठेवते.

२२ जून

आईंचा आक्षेप, जो मला महत्त्वाचा वाटतो : "आमच्याकडे वर्षाचे गहू भरायचे. ते काय तोट्यात भरायचे?"

अजिबात नाही. पण त्या भरण्यात आणि या पिशवीत फरक आहे. गहू एप्रिल-मेमध्ये नवा येतो तेव्हा स्वस्त असतो, पुढे दर चढतो. ती बचत हंगामाची होती, पाकिटाच्या आकाराची नव्हती. दुसरं म्हणजे, भरायचे ते अख्खे गहू. दोन-तीन उन्हं देऊन कडकडीत वाळवलेले, एरंडेल चोळलेले, कोठीत कडुलिंबाच्या पाल्यासकट. अख्ख्या गव्हाचा कोंडा शाबूत असतो. आतल्या अंकुरातलं तेल झाकलेलं राहतं, आणि दाणा कोरडा असेल तर किड्यालाही तो जड जातो. दळलं की हे कवच जातं. म्हणून वर्षाचे गहू भरणारी बाई पीठ मात्र पाच-सात किलोच दळून आणायची. दहा किलो आट्याच्या पाकिटावर सूट दाखवतात तेव्हा विकलं जातं ते पीठ असतं, गहू नाही. आणि आईंच्या माहेरी जेवायला अकरा पानं पडायची.

हे ऐकून त्या म्हणाल्या, "मग तेच तर म्हणतेय, गहू घ्या." उन्हं कुठे द्यायची ते त्यांनी सांगितलं नाही. आमच्या खिडकीत दुपारी तासभर ऊन येतं.

३० जून

पाऊस यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यातच आला, त्यामुळे जून पूर्ण ओला गेला. आतापर्यंत खाल्ले ८०० ग्रॅम. सगळे डब्यातले. वास, चव उत्तम. नवरा खूश आहे.

तपासायची पद्धत लिहून ठेवते, म्हणजे दर वेळी तशीच होईल. एक दाणा सोलून बोटांत चिरडायचा आणि वास घ्यायचा. ताज्या दाण्याला गोडसर वास असतो. जुना होऊ लागला की रंगाच्या डब्यासारखा किंवा जुन्या तेलाच्या बाटलीसारखा वास येतो. मग दुसरा दाणा सावकाश चावायचा आणि गिळल्यावर थोडं थांबायचं. खवटपणा जिभेवर लगेच कळत नाही, घशाशी कडवटपणा मागाहून येतो. कुटात साखर-मीठ-मिरची पडली की तो लपतो, म्हणून भाजीच्या चवीवरून ठरवायचं नाही.

७ जुलै

काल आषाढी. खिचडी, दाण्याची आमटी, लाडू. नवऱ्याने अर्धा किलो दाणे एकदम भाजून कूट करून ठेवलं, कारण "भरपूर आहेत". एक किलोचं पाकीट असतं तर एवढं कूट एका वेळी झालं नसतं. मी काही बोलले नाही. कुटाची ती बरणी आता चौथी जागा म्हणून धरली आहे.

१५ जुलै

ओट्याखालची पिशवी उघडली. आत जाळी. दाणे एकमेकांना पांढऱ्या कोळिष्टकासारख्या धाग्यांनी चिकटलेले, मधे बारीक अळ्या आणि भुसा. वर करड्या रंगाचं एक पाखरू उडालं. ही तांदळात होते तीच पाखराची अळी. ती शेंगदाणे, रवा, भगर काहीही खाते.

किडीची अंडी बहुतेक वेळा दुकानातून येतात तेव्हाच मालात असतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पाकीट छोटं असेल तर अंड्यातून अळी बाहेर पडून जाळी धरायच्या आतच दाणे संपतात. मोठ्या पिशवीत तिला वेळ मिळतो, आणि दमट उकाड्यात ती घाईही करते. म्हणजे दोन्ही पाकिटांत माल सारखाच असला तरी घरात काढलेल्या दिवसांनी निकाल बदलतो.

जाळीचे, खाल्लेले आणि त्यांना चिकटलेले ३१० ग्रॅम टाकले. बाकीचे ताटात पसरून, पंख्याखाली ठेवून, नीट पाहून डब्यात घातले. मंद आचेवर गरम करून घ्यावेत असा आईंचा आग्रह होता. त्याने अळी मरते हे खरं, पण मग ते लवकर खवट होतात. किडीच्या बंदोबस्ताला गारवा बरा : हवाबंद पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवलं की अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवायची आणि ती घरातल्या हवेइतकी झाल्यावरच उघडायची. थंड दाण्यांवर हवेतली वाफ बसली तर कीड जाऊन बुरशी यायची. आमच्या फ्रीझरमध्ये मात्र मटार आणि नारळाचा चव यांनी जागा ठेवलेली नाही.

मुभेच्या ८०० पैकी ४५० गेले.

१९ जुलै

आज तेलाची नोंद, कारण नवरा म्हणतो दाण्यांवरून सगळ्याचा निकाल लावू नकोस. बरोबर बोलतो.

जूनच्या सुरुवातीला १५ लिटरचा सूर्यफूल तेलाचा डबा आला, २,२५० रुपयांना. एक लिटरची पिशवी १५८ ला मिळते. सूट ५ टक्के. घेताना डब्यावर लिटर लिहिलंय की किलो ते पाहावं, कारण तेल पाण्याहून हलकं असतं. लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १५ किलो तेल नसतं, साडेतेरा किलोच्या थोडं वर असतं. शेजारच्या काकू १५ किलोच्या डब्याचा भाव सांगत होत्या आणि आमचे हे १५ लिटरचा, आणि दोघंही आपापल्या जागी जिंकत होते.

या डब्यात नासाडी जवळपास नाही. तळाला राहिलेलं, बाहेरून ओघळलेलं, एवढंच. पण जुन्या बिलांप्रमाणे आम्हांला महिन्याला अडीच लिटर पिशवीतलं तेल पुरायचं. डबा सामान मोजायच्या हुकाच्या काट्यावर टांगून पाहिला, तर महिन्याला तीन लिटर जातंय. पिशवी संपत आली की हात आखडतो, डब्याचा तळ दिसतच नाही. अडीच लिटर पिशवीतलं ३९५ रुपयांचं, तीन लिटर डब्यातलं ४५० रुपयांचं. लिटरमागे आठ रुपये वाचले आणि महिन्याला पंचावन्न जास्त गेले.

नवऱ्याचं उत्तर : पावसात भजी होतातच. मान्य आहे. पिशव्या असत्या तरी भजी झालीच असती, त्यामुळे अर्धा लिटरचा सगळा दोष डब्याला देता येणार नाही. पण सूट पाच टक्क्यांची आहे, म्हणजे अडीच लिटरवर जेमतेम १३० मिलीची वाढ झाली की ती संपते. तीन लिटरमधलं एवढं तर डब्यामुळेच गेलं असणार, हे माझं मत. डबा अर्धा झाला की आतल्या रिकाम्या जागेत हवा साठते आणि तेलाचा वास बदलू लागतो, ती नोंद पुढे करेन.

२ ऑगस्ट

श्रावण सुरू झाल्यामुळे दाणे भराभर जातायत. जुलैत ११५० ग्रॅम खाल्ले, ऑगस्टात अजून वाढतील. मोठ्या पिशवीला यंदाच्या इतका अनुकूल काळ मिळणार नाही. एरवी आमचा खप महिन्याला किलोच्या आतच असतो.

आषाढीचं कूट आज संपवायला काढलं तर कडवट. त्यातलं १६० ग्रॅम उरलं होतं, टाकलं. भाजून कुटलेल्या दाण्याला साल नाही, अख्खेपणा नाही, सगळं तेल हवेत उघडं. चार आठवडे बाहेर ठेवण्याची ती वस्तूच नाही.

११ ऑगस्ट

मधल्या काळात लेकीने चिक्की केली. चांगली झाली. पण कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा म्हणाले दाणे संपवायचेत." हा खर्च कुठे लिहायचा? खाल्ले आहेत, म्हणून वापरलेल्यातच धरते. पण गूळ जास्तीचा लागला, आणि दाणे एवढे नसते तर चिक्की झाली नसती. स्टोअर्समध्ये याला जुना साठा काढण्यासाठी लावलेली ऑर्डर म्हणतील. घरात त्याला हौस म्हणतात, आणि ते ठीकच आहे.

२५ ऑगस्ट

परवा गणपती. डब्याच्या तळाचे दाणे तपासले. दिसायला बरे, चिरडल्यावर तो रंगाचा वास, गिळल्यावर घसा कडवट. काहींवर साल ओलसर, दोन-चार दाण्यांवर हिरवट पावडर. तळाचे ४२० ग्रॅम सगळे टाकले.

आई म्हणाल्या, हिरवे तेवढे काढ, बाकीचे खरपूस भाज. इथे मी ठाम राहिले. खवट दाणा मुख्यतः चव बिघडवतो, बुरशीची गोष्ट वेगळी. शेंगदाण्यावर वाढणाऱ्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते यकृताला घातक आहे, भाजण्याने पुरतं नष्ट होत नाही, आणि शेजारचा स्वच्छ दिसणारा दाणाही त्यातून सुटलेला असेलच असं नाही. या बाबतीत ग्रॅमचा हिशोब करायचा नसतो.

मग फ्रीजमधली बरणी काढली. तीच पिशवी, तोच दिवस, फक्त गारवा आणि हवाबंद झाकण. दाणे जूनमध्ये होते तसेच. चिरडल्यावर गोड वास. प्रसादाच्या लाडूला तेच वापरणार.

२० सप्टेंबर

फ्रीजमधली बरणीही संपली. पिशवीचं खातं बंद.

आले ५००० ग्रॅम. निवडणात १४०, जाळीत ३१०, कुटात १६०, तळाशी ४२०. एकूण टाकले १०३०. खाल्ले ३९७०. बरोबरीची रेघ ४२०० वर होती.

६४० रुपयांत ३९७० ग्रॅम, म्हणजे खाल्लेला किलो १६१ रुपयांना पडला. छोट्या पाकिटातला खाल्लेला किलो १५२ ला. तेवढेच दाणे एकेक किलोने आणले असते तर ६०५ रुपये गेले असते. बिलावर ११० रुपयांची बचत होती, प्रत्यक्षात ३५ रुपये जास्त गेले. फार मोठी रक्कम नाही. पण दोन वेळा निवडणं, पिशवी रिकामी करणं, डबे धुऊन वाळवणं आणि लाडूच्या कुटावरून झालेली चर्चा यांचं मूल्य मी शून्य धरलं आहे.

नवऱ्याने कागद नीट वाचला आणि योग्य तोच मुद्दा काढला : फ्रीजमधले दाणे अजिबात वाया गेले नाहीत, मग पाचही किलो फ्रीजमध्ये ठेवले असते तर? निवडणाचे १४० सोडून सगळे उरले असते, आणि खाल्लेला किलो १३२ ला पडला असता. हिशोब बरोबर आहे. पिशवी महाग पडली ती आमच्या फ्रीजच्या आकारामुळे आणि या हवेमुळे. कोणाकडे दोन दारांचा मोठा फ्रीज असेल, किंवा घर सोलापूरकडच्या कोरड्या हवेत असेल, तर त्यांचा आकडा वेगळा येईल. आमच्याकडे पाच किलो दाण्यांना जागा करायची तर भाजी बाहेर ठेवावी लागेल.

२१ सप्टेंबर

उद्यापासून नवरात्र, दाणे लागणारच. काय ठरलं ते लिहिते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेंगदाणे, रवा, भगर, बेसन आणि पीठ तीन-चार आठवड्यांत संपेल एवढंच आणायचं. बाहेरच्या डब्यातले दाणे पाच आठवड्यांनीही चांगले होते, अकरा आठवड्यांनी बिघडलेले होते. नेमकी रेघ मधे कुठेतरी आहे, ती शोधायला दाणे टाकायची माझी तयारी नाही.

कूट एका वेळी वाटीभरच. तेल पुन्हा पिशवीतून. आंघोळीचा साबण मात्र मोठ्या पाकिटातूनच घ्यायचा. तो नासत नाही, कपाटात ठेवून वाळला की उलट जास्त पुरतो, आणि सूट आहे म्हणून कोणी दोनदा आंघोळ करत नाही. मीठ-साखरही चालेल, कोरडा डबा असेल तर.

पाच किलोची पिशवी पूर्ण बाद केलेली नाही. शेजारच्या काकू आणि वरच्या मजल्यावरचे काका, तिघांत एक पिशवी घ्यायची असं बोलणं झालंय. आणल्या दिवशीच माझ्या काट्यावर वाटायची आणि निवडण काढूनच वजन करायचं, नाहीतर तळाचा चुरा कोणाच्या वाट्याला आला यावरून जिन्यात बोलणी होतील. प्रत्येकी सव्वा किलोपासून दोन किलोपर्यंत, ज्याच्या त्याच्या खपाप्रमाणे. आमच्या वाट्याला सव्वा. पैसे ग्रॅमवर, १२८ ने नाही, निवडल्यानंतर जो भाव पडेल त्याने. नवरा म्हणतो, डिसेंबरच्या कोरड्या थंडीत पुन्हा आख्खी पिशवी आणून पाहू. आणू दे. काटा तयार आहे, पण तेव्हा फ्रीजमधली बरणी नाही, दाणे सगळे बाहेरच ठेवायचे.